चतुर्थकाचं एकच उत्तर नसतं : मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि आपली पाठ केलेली सूत्रं

संख्याशास्त्राची एक छोटी गोष्ट आज जरा खोलात जाऊन बघू. आठ-नऊ आकड्यांची यादी असते, तिचा पहिला चतुर्थक काढायचा असतो. वहीवर एक उत्तर येतं, एक्सेलमध्ये दुसरं, एसपीएसएसमध्ये तिसरं. मग बहुतेक जण गाइडला आवडेल ते उत्तर तक्त्यात टाकून मोकळे होतात. माझी तक्रार या सवयीबद्दल आहे, आणि ती सवय लावणाऱ्या शिकवण्याबद्दलही आहे. चतुर्थकाचं सूत्र आपल्याला एकच सांगितलं जातं, आणि ते कुठून आलं हे कुणी सांगत नाही.

कागद-पेन घ्या. आकडे खरे आहेत, २०११ च्या जनगणनेचे. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांची लोकसंख्या लाखांत, एका दशांश स्थळापर्यंत, चढत्या क्रमाने लिहू :

१. हिंगोली ११.८
२. उस्मानाबाद (आताचं धाराशिव) १६.६
३. परभणी १८.४
४. जालना १९.६
५. लातूर २४.५
६. बीड २५.९
७. नांदेड ३३.६
८. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) ३७.०

परभणी जिल्ह्याचा पूर्ण आकडा १८,३६,०८६ आहे. तो तिसऱ्या क्रमांकावर बसला आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

हाताने तीन वेळा

पहिली रीत अकरावीच्या अर्थशास्त्रातली, ‘विभाजन मूल्ये’ या धड्यातली. पहिल्या चतुर्थकाचं स्थान `(n+1)/4`. आपल्याकडे n = ८, म्हणून ९ भागिले ४, म्हणजे २.२५ वं स्थान. दुसरा आकडा १६.६, तिसरा १८.४, दोघांत फरक १.८. त्याचा पाव भाग ०.४५. म्हणून Q1 = १६.६ + ०.४५ = १७.०५.

दुसरी रीत म्हणजे यादीचे दोन समान भाग करायचे आणि खालच्या भागाचा मध्यक घ्यायचा. खालच्या भागात चार जिल्हे आहेत : हिंगोली, उस्मानाबाद, परभणी, जालना. त्यांचा मध्यक १६.६ आणि १८.४ च्या बरोबर मध्ये, म्हणजे Q1 = १७.५.

तिसरी रीत एक्सेलच्या नेहमीच्या `QUARTILE` फंक्शनची. त्यात स्थान `1 + (n-1)/4` असं काढतात. १ + ७/४ = २.७५ वं स्थान. १.८ चा पाऊण भाग १.३५, म्हणून Q1 = १६.६ + १.३५ = १७.९५.

आकडे तेच, जिल्हे तेच, कुठेही चूक नाही. तरी उत्तरं तीन : १७.०५, १७.५, १७.९५.

आता जरा थांबून विचारा, चतुर्थकाने नेमकं काय करायचं असतं? एक चतुर्थांश आकडे खाली आणि तीन चतुर्थांश वर ठेवायचे. आठचा एक चतुर्थांश म्हणजे दोन जिल्हे. हिंगोली आणि उस्मानाबाद खाली, बाकी सहा वर. हे काम १७.०५ ने होतं, १७.५ ने होतं आणि १७.९५ नेही होतं. १६.६ आणि परभणीच्या १८.४ च्या मधली कोणतीही संख्या हे काम तितक्याच चोखपणे करते. म्हणजे व्याख्येने आपल्याला एक बिंदू दिलेलाच नाही, एक पट्टा दिला आहे. सूत्रं फक्त त्या पट्ट्यातला कोणता बिंदू उचलायचा हे ठरवतात. पुस्तकात ही एक ओळ असती, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटला असता.

+१ आणि −१ कुठून येतात?

सूत्र पाठ करायला कुणाची ना नाही. पण त्यामागचा प्रश्न कळला, तर कोणतं सूत्र कधी घ्यायचं ते आपोआप कळतं.

`n-1` वाली रीत यादीकडे बंद दोरीसारखी बघते. सगळ्यात लहान आकडा शून्य टक्क्यांवर, सगळ्यात मोठा शंभर टक्क्यांवर. आठ गाठी, त्यांच्यामध्ये सात अंतरं. या दोरीच्या पाव लांबीवर काय आहे, एवढंच ती विचारते. यादीच्या बाहेर काही असू शकतं, हा विचार तिच्यात नाही.

`n+1` वाली रीत वेगळा प्रश्न विचारते. तुमचे आठ आकडे एखाद्या मोठ्या समूहातून यादृच्छिक पद्धतीने निवडलेले आहेत असं समजा. आता नववा आकडा आला तर तो कुठे पडेल? सगळ्यात लहानच्या खाली पडू शकतो, सगळ्यात मोठ्याच्या वर पडू शकतो, किंवा मधल्या सात फटींपैकी एकीत. एकूण नऊ जागा, आणि प्रत्येक जागेची शक्यता सारखी. म्हणून सगळ्यात लहान आकड्याच्या खाली मूळ समूहाचा सरासरी नववा भाग असतो, दुसऱ्याच्या खाली दोन नवमांश, असं पुढे. भाजकातला n+1 इथून आला.

आता आपल्या यादीकडे परत या. मराठवाड्याचे आठ जिल्हे हा नमुना आहे का? नाही. मराठवाड्यात तेवढेच जिल्हे आहेत आणि जनगणनेने सगळे मोजले आहेत. नववा जिल्हा कुठून येणार? म्हणजे जी रीत शाळेत एकमेव म्हणून शिकवली, तिच्यामागचं कारण नेमकं या यादीला लागू पडत नाही. पण तुम्ही आठ शेतांतून सोयाबीनचा उतारा मोजला असेल आणि बोलायचं असेल सगळ्या तालुक्याबद्दल, तर तिथे n+1 चा विचार अगदी योग्य आहे. आकडेमोड दोन्हीकडे सारखीच दिसते, प्रश्न मात्र वेगळा असतो.

कोणतं साधन काय करतं

१९९६ मध्ये रॉब हाइंडमन आणि यानान फॅन या दोघांनी ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. वेगवेगळी सॉफ्टवेअर चतुर्थक-शतमक कसे काढतात ते त्यांनी एकत्र मांडलं आणि नऊ रीतींना क्रमांक दिले. आर मधल्या `quantile` फंक्शनमध्ये तेच नऊ क्रमांक `type` म्हणून वापरता येतात. आपल्याला त्यातले दोनच ओळखता आले तरी पुष्कळ झालं : `n+1` वाली रीत सहावी, `n-1` वाली सातवी.

आर न सांगता सातवी वापरतो. एक्सेलचं `QUARTILE` आणि `QUARTILE.INC` सातवी, `QUARTILE.EXC` सहावी. पायथनमध्ये `numpy.percentile` सातवी वापरतं, पण त्याच पायथनच्या `statistics.quantiles` मध्ये न सांगता सहावी चालते. मिनीटॅब सहावी वापरतं. आता आर मध्ये हे चालवून बघा :

```
x <- c(11.8, 16.6, 18.4, 19.6,
       24.5, 25.9, 33.6, 37.0)
quantile(x, 0.25, type = 7)   # 17.95
quantile(x, 0.25, type = 6)   # 17.05
fivenum(x)[2]                 # 17.5
```

शेवटची ओळ मुद्दाम दिली. आर मध्ये `boxplot` काढला तर पेटीच्या कडा `quantile` वरून काढल्या जात नाहीत. त्या `fivenum` सारख्या, म्हणजे अर्ध्या यादीच्या मध्यकाने काढल्या जातात. म्हणजे एकाच सॉफ्टवेअरमध्ये तुमचा तक्ता १७.९५ म्हणेल आणि तुमची आकृती १७.५ दाखवेल. प्रबंधात दोन्ही एकाच पानावर आले आणि परीक्षकाने पट्टी लावून बघितली, तर उत्तर तुम्हाला द्यायचं आहे.

फरक चालतो कधी, नडतो कधी

‘थोडासाच फरक आहे, सोडून द्या’ असं म्हणणारे भेटतात. काही वेळा ते बरोबरही असतात. आपण वर बघितलं की खालच्या चतुर्थांशात कोण, याचं उत्तर तिन्ही रीतींनी एकच आलं. पण Q3 काढून बघा. सहाव्या रीतीने स्थान ६.७५, उत्तर ३१.६७५. सातव्या रीतीने स्थान ६.२५, उत्तर २७.८२५. बीड आणि नांदेडमध्ये ७.७ लाखांची मोठी फट आहे, म्हणून इथे फरक जवळजवळ चार लाखांचा झाला. आयक्यूआर, म्हणजे Q3 वजा Q1, सहाव्या रीतीने १४.६२५ आणि सातव्या रीतीने ९.८७५. एक दुसऱ्याच्या जवळपास दीडपट. याला थोडासा म्हणता येत नाही.

आता खरा पेच बघा. समजा गोदावरीच्या उगमाचा जिल्हा म्हणून तुम्ही तुलनेसाठी नाशिकही यादीत घेतला. २०११ ला नाशिकची लोकसंख्या ६१.१ लाख. यादी नऊ आकड्यांची झाली. आउटलायर ओळखायचा जॉन टुकी यांचा नेहमीचा नियम लावू : Q3 च्या वर आयक्यूआरच्या दीडपटीपेक्षा लांब जे पडेल, त्यावर खूण करायची.

सातव्या रीतीने Q1 म्हणजे तिसरा आकडा, परभणीचा १८.४. Q3 म्हणजे सातवा, नांदेडचा ३३.६. आयक्यूआर १५.२, त्याची दीडपट २२.८. कुंपण ३३.६ + २२.८ = ५६.४ वर. नाशिक ६१.१, म्हणजे कुंपणाच्या बाहेर. आउटलायर.

सहाव्या रीतीने Q1 चं स्थान २.५, उत्तर १७.५. Q3 चं स्थान ७.५, उत्तर ३५.३. आयक्यूआर १७.८, दीडपट २६.७. कुंपण ३५.३ + २६.७ = ६२.० वर. नाशिक ६१.१, म्हणजे कुंपणाच्या आत. आउटलायर नाही.

एकाच्या प्रबंधात नाशिक वगळलं जाईल, दुसऱ्याच्या प्रबंधात राहील, आणि दोघंही ‘आयक्यूआर पद्धतीने’ असंच लिहितील. एसपीएसएसच्या एक्सप्लोर आउटपुटमध्ये तर हे दोन्ही एकाच तक्त्यात खाली-वर छापलेलं असतं : `Weighted Average` च्या ओळीत १७.५ आणि ३५.३, `Tukey's Hinges` च्या ओळीत १८.४ आणि ३३.६. त्याचा बॉक्सप्लॉट दुसऱ्या ओळीवरून काढला जातो, म्हणून चित्रात नाशिकवर गोल येतो. वरच्या ओळीवरून हाताने कुंपण काढाल, तर तो गोल यायला नको. एक्सेलमध्ये उलटं होतं. पेशीतलं `QUARTILE` नाशिकला बाहेर काढतं, पण तिथल्या बॉक्सप्लॉटची मूळ सेटिंग `Exclusive median` असते, त्यामुळे चित्रात नाशिक आतच राहतं.

नऊ आकड्यांत हा वाद का होतो, तेही साधं आहे. यादी विषम असली की मधला आकडा एक उरतो, इथे लातूर. यादीचे दोन भाग करताना लातूरला दोन्ही भागांत घ्यायचं की दोन्हींतून सोडायचं? दोन्हींत घेतलं तर खालच्या भागात पाच जिल्हे येतात आणि त्यांचा मध्यक परभणी, १८.४. दोन्हींतून सोडलं तर चार जिल्हे उरतात आणि मध्यक १७.५. टुकी दोन्हींत घेतात, बरीच पाठ्यपुस्तकं सोडतात. नाशिकचं भवितव्य लातूरला कुठे बसवता यावर ठरतं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

आणि एक. आउटलायरची खूण म्हणजे ‘इथे बघा’ एवढाच निरोप. नाशिकचा आकडा चुकीचा नाही, तो जिल्हाच मोठा आहे. जो आकडा केवळ सूत्र बदलल्याने आत-बाहेर होतो, तो सूत्राच्या जोरावर वगळणं हे कोणत्याच रीतीत बसत नाही. वगळायचा तर कारण विषयातून आलं पाहिजे.

शतमकात तर आणखी मजा

परत आठ जिल्ह्यांवर या आणि ९० वा शतमक काढा. सातव्या रीतीने स्थान १ + ०.९ × ७ = ७.३. नांदेड आणि औरंगाबादमधला फरक ३.४, त्याचा ०.३ भाग १.०२, उत्तर ३४.६२. सहाव्या रीतीने स्थान ०.९ × ९ = ८.१. पण यादीत आठच आकडे आहेत, ८.१ वा कुठून आणायचा? एक्सेलचं `PERCENTILE.EXC` इथे सरळ `#NUM!` दाखवतं. आर सहाव्या रीतीने शेवटचाच आकडा, ३७.०, परत देतो.

यातलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर मला त्या `#NUM!` चं वाटतं. आठ आकड्यांना नमुना मानलं, तर समूहाच्या वरच्या दहा टक्क्यांबद्दल ते काही सांगूच शकत नाहीत. ३४.६२ दिसायला नेमकं वाटतं, पण तो दोन आकड्यांमधल्या सरळ रेषेवरचा एक बिंदू आहे. मराठवाड्यात ३४.६२ लाखांचा जिल्हाच नाही. त्यामुळे दहापेक्षा कमी आकड्यांवर ९० वा किंवा ९५ वा शतमक तक्त्यात दिसला की थांबा आणि विचारा, हा आकडा मोजलेला आहे की फक्त रेषेवरून उचललेला?

फरक रीतीचा की चुकीचा, हे कसं ओळखायचं?

यासाठी एक सोपी कसोटी आहे. सहाव्या आणि सातव्या रीतीच्या स्थानांमधला फरक काढा. Q1 साठी आपल्याकडे २.२५ आणि २.७५ आले, फरक अर्ध्या स्थानाचा. नऊ आकड्यांत २.५ आणि ३, परत अर्धाच. यादी नऊशेची असली तरी तो अर्धाच राहतो. मध्यकासाठी फरक शून्य, म्हणून मध्यकाबद्दल साधनांचं भांडण कधी होत नाही. टोकाकडे जाताना फरक वाढतो, ९० व्या शतमकाला तो ०.८ स्थानाचा होता. पण एक पूर्ण स्थान तो कधीच गाठत नाही.

याचा उपयोग असा. दोन साधनांची उत्तरं यादीतल्या शेजारच्या आकड्यांच्या आसपासच वेगळी असतील, तर फरक रीतीचा आहे. उत्तर यादीत दोन-तीन घरं पलीकडे गेलं असेल, किंवा मध्यकच वेगळा आला असेल, तर रीतीला दोष देऊ नका, डेटा तपासा. बहुतेक वेळा हाताने काढताना यादी चढत्या क्रमाने लावलेली नसते, किंवा रिकामी पेशी एका ठिकाणी शून्य म्हणून भरली जाते आणि n बदलतो, किंवा एखादा आकडा मजकूर म्हणून टाइप झालेला असतो आणि एक्सेल तो मोजतच नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे दोन्हीकडे n सारखा आहे का ते बघणं.

मोठ्या यादीत फरक का विरघळतो तेही यातून कळतं. अर्धं स्थान अर्धंच राहतं, पण शेजारी आकडे इतके जवळ येतात की अर्ध्या स्थानाची किंमत नगण्य होते. आपल्याकडचा बराच दुय्यम डेटा मात्र छोट्या याद्यांचा असतो. परभणी जिल्ह्याचंच घ्या. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे नऊ तालुके. म्हणजे या जिल्ह्याच्या कोणत्याही तालुकानिहाय तक्त्यात Q1 एकतर तिसऱ्या तालुक्याचा स्वतःचा आकडा येणार, नाहीतर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या बरोबर मधला. विषय पाऊस असो की साक्षरता, पेच हाच राहणार.

मग लिहायचं काय?

संशोधन पद्धतीच्या प्रकरणात ‘चतुर्थक काढण्यात आले’ एवढं लिहून भागत नाही. असं लिहा : ‘आठ जिल्हे हा संपूर्ण गट असल्याने चतुर्थक `1 + (n-1)p` या स्थानावरून, आर च्या `quantile` फंक्शनच्या `type = 7` ने काढले आहेत, आकृतीतील पेटीच्या कडाही याच रीतीच्या आहेत.’ एकच वाक्य, पण वाचणारा तुमचा आकडा परत काढून बघू शकतो. नमुना असेल तर सहावी रीत घ्या आणि कारण लिहा. हाइंडमन आणि फॅन यांनी स्वतः आठव्या रीतीची शिफारस केली होती, तीही चालेल, फक्त नाव लिहा. आणि निष्कर्ष एका रीतीने उभा राहून दुसरीने पडत असेल, आपल्या नाशिकसारखा, तर दोन्ही उत्तरं छापा.

दशांश स्थळांनाही आवर घाला. पट्टा १६.६ ते १८.४ चा आहे आणि आपण Q1 = १७.९५०० लिहितो, हे शोभत नाही. ‘सुमारे १८ लाख’ म्हटलं तर खरेपणा कमी होत नाही, उलट वाढतो.

पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘एक्सेलचं बरोबर की वहीतलं?’, तर त्याला आधी उलट विचारा : तुझे आकडे सगळे आहेत, की सगळ्यांपैकी काही?